द्राक्षाची गोडी आणि काचेतला कोन

जानेवारी-फेब्रुवारीत नाशिककडच्या द्राक्षबागेत माल बघायला व्यापारी आला की तो दोन-चार मणी तोडतो, बोटांत चुरडतो आणि रसाचे दोन थेंब वीतभर लांबीच्या एका नळीच्या तिरक्या काचेवर टाकतो. वरचं पारदर्शक झाकण मिटवून नळी उजेडाकडे धरतो आणि एक डोळा मिटून आत बघतो. आत एक गोल दिसतो. त्याचा वरचा भाग निळसर, खालचा पांढरा, आणि दोघांच्या मध्ये एक आडवी रेघ. बाजूच्या पट्टीवर ही रेघ १८ च्या आसपास असली तर भावाची बोलणी सुरू होतात. १५ वर अडकलेली असली तर माल अजून काही दिवस वेलीवरच राहतो.

बागायतदार या नळीला ब्रिक्स मीटर म्हणतात, कंपनीच्या खोक्यावर रिफ्रॅक्टोमीटर लिहिलेलं असतं. साध्या प्रकारात बॅटरी नसते, कुठलं रसायनही लागत नाही. साखर तर हे यंत्र मोजतच नाही. ते फक्त काचेतला एक कोन शोधतं आणि त्या कोनापुढे साखरेचा आकडा आधीच छापून ठेवलेला असतो. त्या कोनाचं पाठ्यपुस्तकातलं नाव क्रांतिक कोन. बारावीच्या भौतिकशास्त्रात तो पूर्ण आंतरिक परावर्तनाच्या धड्यात येतो, दोन गणितं सोडवून होतात आणि बहुतेकांच्या डोक्यातून परीक्षेनंतर निघून जातो. बागेतल्या त्या नळीत मात्र तो रोज कामाला येतो.

काचेतून हवेत निघालेला प्रकाशकिरण वाकतो, हे सगळ्यांना माहीत असतं. काचेच्या पृष्ठभागाला काटकोनात उभी केलेली रेषा म्हणजे स्तंभिका. काचेच्या आत किरण या स्तंभिकेशी जो कोन करतो त्यापेक्षा बाहेर पडल्यावरचा कोन मोठा असतो. आतला कोन वाढवत नेला की बाहेरचा त्याहून वेगानं वाढतो, आणि एका टप्प्यावर बाहेर पडणारा किरण काचेच्या पृष्ठभागाला घासून जाऊ लागतो. म्हणजे बाहेरचा कोन पुरता ९० अंश होतो. त्या वेळचा आतला कोन हाच क्रांतिक कोन. आतला कोन याच्याही पुढे गेला तर बाहेर पडायला जागाच उरत नाही आणि सगळा प्रकाश आतल्या आत परत फिरतो.

हा कोन काढायची रीत सोपी आहे. बाहेरच्या पदार्थाच्या अपवर्तनांकाला काचेच्या अपवर्तनांकानं भागायचं. ज्या कोनाचा साइन त्या भागाकाराइतका असेल तो क्रांतिक कोन. साध्या काचेचा अपवर्तनांक १.५ आणि हवेचा १ धरला तर भागाकार ०.६६७ येतो आणि कोन ४१.८ अंश. दुर्बिणीतले लोलक याच आकड्यावर बेतलेले असतात. काटकोनी लोलकाच्या एका बाजूनं सरळ आत शिरलेला किरण तिरक्या बाजूवर ४५ अंशांनी आपटतो. ४५ हे ४१.८ पेक्षा जास्त असल्यानं तो पूर्ण परावर्तित होतो आणि ९० अंशांत वळून दुसऱ्या बाजूनं बाहेर पडतो. आरशाला लागतो तसा चांदीचा किंवा ॲल्युमिनियमचा मुलामा इथे लागत नाही.

आता त्याच तिरक्या बाजूला बाहेरून पाणी लावलं तर? पाण्याचा अपवर्तनांक १.३३३ आहे. त्याला १.५ नं भागलं की ०.८८९ येतात आणि क्रांतिक कोन एकदम ६२.७ अंशांवर जातो. ४५ अंशांचा किरण आता त्याच्या खूप आत राहतो, त्यामुळे बहुतेक प्रकाश पाण्यात निघून जातो आणि लोलकाचा आरसा तेवढ्यापुरता नाहीसा होतो. काच तीच, किरण तोच, बदललं ते फक्त काचेला बाहेरून काय टेकलंय एवढंच. क्रांतिक कोन हा एकट्या काचेचा गुण नाही, तो काच आणि तिला टेकलेला पदार्थ या जोडीचा गुण आहे. द्राक्षाचा रस मोजायची सगळी युक्ती या वाक्यात आहे.

विल्यम हाइड वोलास्टन या इंग्रज शास्त्रज्ञानं ही गोष्ट हेरली आणि १८०२ मध्ये लोलकाच्या बाजूला पदार्थ चिकटवून, परावर्तन कुठल्या कोनाला सुरू होतं ते पाहून त्या पदार्थाचा अपवर्तनांक काढायची पद्धत रॉयल सोसायटीपुढे मांडली. याचा मोठा फायदा असा की पदार्थाच्या आरपार बघावं लागत नाही. थेंबभर नमुना पुरतो, तो गढूळ असला तरी बऱ्याचदा चालतो, कारण जे घडायचं ते काच आणि नमुना यांच्या सीमेवरच घडतं. पुढे जर्मनीतल्या येना गावी कार्ल त्साइस यांच्या कारखान्यात काम करणाऱ्या एर्न्स्ट आबे यांनी १८७४ मध्ये या कल्पनेवर आधारलेल्या प्रयोगशाळेतल्या रिफ्रॅक्टोमीटरचं वर्णन प्रसिद्ध केलं. बागेतली नळी त्याच घराण्यातली.

टाचण्या आणि काचेचा साधा लोलक घेऊनही क्रांतिक कोन शोधता येतो. मला हा प्रयोग फार आवडतो, कारण त्यात पूर्ण परावर्तन सुरू होण्याचा क्षण डोळ्यांना दिसतो. ड्रॉइंग बोर्डवर कागद लावायचा, त्यावर ६० अंशांचा लोलक ठेवून पेन्सिलीनं त्याची कड आखून घ्यायची. तीन बाजूंपैकी एक पाया धरायची. उरलेल्या दोनांपैकी डावीला अगदी टेकवून एक टाचणी उभी रोवायची आणि उजव्या बाजूतून आत बघायचं. पायावरून परावर्तित झालेली टाचणीची प्रतिमा दिसते. डोळा हळूहळू बाजूला सरकवत नेला की आधी ती फिकी, धुरकट असते आणि एका जागी अचानक लख्ख उजळते. फिकी असताना पायावरून थोडाच प्रकाश परत येत होता, बाकीचा खाली हवेत निसटत होता. उजळली तिथे निसटणं बंद झालं. नेमक्या त्या जागी, प्रतिमेच्या रेषेत, आणखी दोन टाचण्या रोवायच्या.

लोलक उचलला की उरते ती भूमिती. शेवटच्या दोन टाचण्यांतून जाणारी रेषा मागे वाढवून ती उजव्या बाजूला कुठे मिळते तो बिंदू घ्यायचा. पहिल्या टाचणीपासून पायावर लंब टाकून तो पलीकडे तेवढाच वाढवायचा, म्हणजे तिच्या प्रतिमेची जागा मिळते. ती जागा आणि उजव्या बाजूवरचा बिंदू जोडला की रेषा पायाला जिथे छेदते तिथे किरण आपटला होता. त्या ठिकाणी येणाऱ्या आणि जाणाऱ्या किरणांमधला कोन कोनमापकानं मोजायचा. हा कोन क्रांतिक कोनाच्या दुप्पट असतो. समजा तो ८३.५ अंश भरला, तर क्रांतिक कोन ४१.७५ अंश. त्याचा साइन ०.६६६, आणि १ ला त्यानं भागलं की काचेचा अपवर्तनांक १.५० मिळतो. पायाला पाण्यानं ओली केलेली काचपट्टी चिकटवून हाच प्रयोग पुन्हा केला की उजळण्याची जागा पार सरकलेली दिसते.

इथे एक अडचण लक्षात येते. शाळेच्या कोनमापकावर अर्ध्या अंशाची चूक सहज होते, आणि काचेचा अपवर्तनांक काढायला ती फारशी बाधत नाही. द्राक्षाच्या रसाचं तसं नाही. ब्रिक्स म्हणजे १०० ग्रॅम द्रावणात किती ग्रॅम साखर विरघळलेली आहे तो आकडा. शुद्ध पाण्याचा ब्रिक्स शून्य आणि अपवर्तनांक १.३३३०. साखर विरघळेल तसा अपवर्तनांक हळूहळू चढतो आणि १८ ब्रिक्सला तो १.३६०६ होतो. तेवढ्या साखरेनं बदल झाला तो फक्त दुसऱ्या दशांश स्थळात. १.५ च्या काचेसाठी यावरून कोन काढले तर पाण्याला ६२.७ अंश आणि १८ ब्रिक्सच्या रसाला ६५.१ अंश येतो. कच्च्या आंबट पाण्यापासून तोडणीला आलेल्या रसापर्यंतचा सगळा पल्ला २.४ अंशांत मावतो. एका ब्रिक्सच्या वाट्याला दीड-दशांश अंशही नीट येत नाही. कोनमापकातल्या अर्ध्या अंशाच्या चुकीनं सुमारे चार ब्रिक्सचा घोळ होईल आणि १४ चा माल १८ चा ठरेल.

ब्रिक्स मीटर ही अडचण कशी सोडवतं ते बघण्याआधी त्यातली एक खुबी समजून घ्यायला हवी. या नळीत प्रकाश काचेतून रसाकडे जात नाही. तो झाकणातून रसात आणि रसातून काचेत येतो, म्हणजे उलट दिशेनं. पण प्रकाशाची वाट दोन्ही दिशांना सारखीच असते. काचेतून क्रांतिक कोनानं निघालेला किरण रसाला घासत बाहेर पडतो, तर रसातून पृष्ठभागाला घासत आलेला किरण काचेत क्रांतिक कोनानंच शिरतो. त्याहून जास्त तिरका किरण रसातून येऊच शकत नाही, कारण ९० अंशांच्या पलीकडे काही नसतं. त्यामुळे काचेच्या आत क्रांतिक कोनापर्यंतच्या सगळ्या दिशा उजळलेल्या असतात आणि त्यापुढच्या अंधाऱ्या. त्या दोघांच्या सीमेलाच आपण रेघ म्हणतो. डोळ्याला कोन मोजता येत नाही, पण उजेड कुठे संपतो हे तो फार बारकाईनं सांगू शकतो.

आता ही सीमा लोलकाच्या दुसऱ्या बाजूनं बाहेर काढायची आहे, आणि इथे विचलन कामाला येतं. आपला लोलक ६० अंशांचा आणि १.५ अपवर्तनांकाचा धरू. लोलकात किरण पहिल्या बाजूच्या स्तंभिकेशी आणि दुसऱ्या बाजूच्या स्तंभिकेशी जे कोन करतो त्यांची बेरीज लोलकाच्या कोनाइतकी, म्हणजे इथे ६० येते. वरच्या काचेवर पाणी असताना सीमेचा किरण पहिल्या स्तंभिकेशी ६२.७ अंश करतो. मग दुसऱ्या स्तंभिकेशी उणे २.७ अंश झाले, म्हणजे किरण तिच्या पलीकडच्या अंगाला झुकलेला आहे. काचेतून हवेत पडताना हा कोन वाढून ४.१ अंश होतो. रस १८ ब्रिक्सचा असेल तर आतला कोन उणे ५.१ आणि बाहेरचा ७.७ अंश. आत २.४ अंशांचा असलेला पल्ला बाहेर आला तो ३.६ अंशांचा होऊन, दीडपट रुंद.

मूळ दिशेपासून किरण एकूण किती वळला, म्हणजे विचलन किती, तेही यातून निघतं. पृष्ठभागाला घासत आलेला किरण पाण्याच्या बाबतीत काचेत शिरताना ९० वजा ६२.७ म्हणजे २७.३ अंश वळतो आणि बाहेर पडताना साधारण १.४ अंश परत उलगडतो. एकूण विचलन २५.९ अंश. रसाच्या बाबतीत तो शिरताना २४.९ अंश वळतो, बाहेर पडताना २.६ अंश उलगडतो आणि विचलन २२.३ अंश राहतं. गोडी वाढली की विचलन कमी होतं. पहिल्यांदा हे उलटं वाटतं, पण कारण सरळ आहे. साखर वाढेल तसा रसाचा अपवर्तनांक काचेच्या जवळ सरकतो, दोघांतला फरक कमी होतो आणि किरणाला वळायचं कारणही कमी होतं.

उरलेलं काम भिंगाचं. १०० मिलिमीटर नाभीय अंतराचं भिंग ठेवलं तर ३.६ अंशांचा फरक त्याच्या नाभीपाशी सुमारे ६.३ मिलिमीटरची सरक होऊन दिसतो. तिथे बारीक पट्टी बसवायची आणि डोळ्याजवळच्या भिंगातून ती मोठी करून बघायची. एका ब्रिक्सला साडेतीन-दशांश मिलिमीटर मिळाले, आणि ते मोठे झाल्यावर अर्ध्या ब्रिक्सचा फरकही सहज वाचता येतो. प्रत्येक उत्पादकाची काच आणि कोन वेगळे असतात, त्यामुळे त्यांच्या नळीत हेच आकडे येणार नाहीत, पण वाट हीच असते.

इतक्या बारीक कोनावर सगळा हिशेब असल्यामुळे चुकाही बारीक कारणांनी होतात. सगळ्यात मोठं कारण तापमान. द्रव तापला की त्याचा अपवर्तनांक घटतो, आणि पट्टी बहुधा २० अंश सेल्सिअससाठी आखलेली असते. दुपारी ३० अंशांच्या रसाचं वाचन खऱ्यापेक्षा पाऊण ब्रिक्सच्या आसपास कमी येतं. पहाटेच्या १० अंशांच्या गारठ्यात ते अर्ध्याहून थोडं जास्त चढतं. एकाच घडाचा रस सकाळी १८.५ आणि दुपारी १७ च्या जरा वर दिसला तर त्यात कुणाची लबाडी असेलच असं नाही. अनेक नळ्यांत आता तापमानाबरोबर वाकणारी दोन धातूंची पट्टी असते, ती भिंग किंवा लोलक किंचित हलवून हा फरक आपोआप भरून काढते. पण तिलाही वेळ लागतो. उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर पडलेली नळी उचलून लगेच वाचन घेतलं तर ते विश्वासाचं नसतं. रस काचेवर टाकून अर्धा मिनिट थांबलं की थेंबाचं आणि काचेचं तापमान एक होतं.

दुसरं कारण पाणी. मण्यांवर दव असेल, किंवा मागचा नमुना धुतल्यावर काच कोरडी केली नसेल, तर रस पातळ होतो आणि रेघ खाली येते. या चुकीत रेघ स्पष्टच दिसते, म्हणून ती ओळखायला सगळ्यात अवघड. त्यावर इलाज म्हणजे काच मऊ कापडानं पुसणं आणि त्याच घडाचं दुसरं वाचन घेणं. दोन वाचनांत ब्रिक्सभर फरक आला तर पहिलं सोडून द्यायचं. शून्य तपासणं त्याहून सोपं आहे. काचेवर शुद्ध पाण्याचे थेंब टाकले की रेघ बरोबर शून्यावर यायला हवी, नाहीतर वरचा छोटा स्क्रू फिरवून ती आणायची. बोअरचं पाणी यासाठी वापरू नये, त्यात विरघळलेले क्षार असतात.

रेघ पुसट दिसते तेव्हा कारण बहुधा काचेवरच असतं. गर किंवा सालीचे कण मध्ये आले, किंवा रस कमी पडून काचेचा काही भाग कोरडा राहिला, की ठिकठिकाणी वेगळा क्रांतिक कोन तयार होतो. हवेच्या बुडबुड्यापाशी तर तो ४१.८ वर जाऊन बसतो. सीमा अशी फाटते आणि पांढरा व निळा भाग एकमेकांत मिसळल्यासारखे दिसतात. रेघेच्या कडेला तांबडी-निळी झालर दिसणं हा मात्र दोष नाही. प्रत्येक रंगाचा अपवर्तनांक किंचित वेगळा असतो, त्यामुळे प्रत्येक रंगाची सीमाही वेगळ्या जागी पडते. आबे यांच्या यंत्रात ही झालर पुसण्यासाठी वेगळे लोलक असतात आणि प्रयोगशाळेत अपवर्तनांक सोडियमच्या पिवळ्या प्रकाशासाठी सांगतात.

नळी अगदी बिनचूक असली तरी ती सांगते ते साखरेपुरतं नसतं. आम्लं, क्षार, जे जे विरघळलेलं आहे ते सगळं अपवर्तनांक वाढवतं. पिकलेल्या द्राक्षात विरघळलेल्या पदार्थांचा मोठा हिस्सा साखरेचा असतो म्हणून ब्रिक्सला गोडी म्हणून चालतं. मण्यात पाणी उतरायच्या आधीच्या कच्च्या घडात आम्ल भरपूर असतं, तेव्हा हा आकडा गोडीबद्दल फारसं काही सांगत नाही. शिवाय एका घडातले सगळे मणी सारखे नसतात. खांद्याकडचे मणी बहुधा टोकाच्या मण्यांच्या आधी गोड होतात. फक्त वरचे दोन मणी चुरडून घेतलेलं वाचन बागेला चांगलं दिसतं, पण पेटीतल्या मालाला लागू पडेलच असं नाही. म्हणून वेगवेगळ्या ओळींतल्या वेलींवरून वरचे, मधले आणि टोकाचे मणी घेऊन त्यांचा एकत्र रस काढणं योग्य.

उसाच्या फडातही हीच नळी चालते, पण तिथे तिचा उपयोग थोडा वेगळा करतात. उसाच्या बुडख्याकडच्या कांड्याचा आणि शेंड्याकडच्या कांड्याचा ब्रिक्स वेगवेगळा मोजतात. कोवळ्या उसात बुडखा गोड आणि शेंडा पाणचट असतो. ऊस पक्व होत जातो तसे दोन्ही आकडे जवळ येतात आणि त्यांचं गुणोत्तर एकाजवळ पोचलं की तोडणीची वेळ झाली असं धरतात. इथे नळीतली थोडीशी कायमची चूकही फारशी नडत नाही, कारण ती दोन्ही वाचनांत सारखीच असते.

काकवी मोजायला मात्र द्राक्षाची नळी उपयोगाची नाही. ७० ब्रिक्सच्या पाकाचा अपवर्तनांक १.४६५ असतो. १.५ च्या काचेत त्याचा क्रांतिक कोन ७७.६ अंशांवर जातो आणि सीमा पट्टीच्या बाहेर पडते, सगळा गोल पांढरा दिसतो. साखर आणखी वाढून पाकाचा अपवर्तनांक काचेच्या जवळ आला की कोन ९० च्या दिशेनं सरकतो, आणि द्रवाचा अपवर्तनांक काचेहून जास्त झाला तर क्रांतिक कोनच उरत नाही. म्हणून मध आणि काकवीसाठीच्या नळ्यांची पट्टी निराळी असते, आणि जास्त अपवर्तनांकाचे द्रव मोजायच्या यंत्रांत लोलकही अधिक जड काचेचा बसवतात.